थांबण्याचा खर्च

जोडधंद्याला गाय बरी की कोंबड्या, असं आमच्याकडे कोणी विचारलं की बोलणं लगेच फायद्यावर येतं. एका गायीमागे वर्षाला किती उरतात, शंभर पक्ष्यांमागे किती सुटतात. मी दोन्ही केलं आहे, अजूनही करते. हाताशी पैसा थोडा असेल तर त्या घराने आधी वेगळा हिशेब करावा असं मला वाटतं. धंदा मध्येच अडला, तर अडलेल्या एका दिवसाचा खर्च किती, आणि असे किती दिवस सोसावे लागतील? गाय वेळेवर गाभण राहिली आणि पक्षी वेळेवर विकले गेले, तर दोन्हींत पैसे राहतात. घर ओढगस्तीला येतं ते वेळ चुकली म्हणजे.

आम्ही संगमनेर तालुक्यातल्या पठार भागातले. खाली प्रवरेकाठी ऊस आहे, पाट आहे. वर आमच्याकडे बाजरी, कांदा, आणि विहिरीला पाणी असेल तोवर टोमॅटो. जमीन तीन एकर. विहीर होळीपर्यंत साथ देते, पुढे दिवसाआड तासभर मोटर चालते. घरात आम्ही दोघं, दोन शाळकरी मुलं आणि सासूबाई. सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. वय झालं असलं तरी गोठ्यात गेल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नाही.

कोंबड्या म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे आधी बॉयलरचं शेड येतं. कंपनी पिल्लं देते, खाद्य देते, औषध देते, आणि चाळीस-बेचाळीस दिवसांनी पक्षी उचलून किलोमागे संगोपनाचे पैसे देते. शेड, वीज, तूस आणि मजुरी मात्र आपली. एका पक्ष्याला एक चौरस फूट धरलं तरी पाच हजार पक्ष्यांचं शेड उभं करायला दहा-बारा लाखांच्या पुढे जावं लागतं, आणि त्याहून लहान शेडकडे कंपनीची गाडी सहसा वळत नाही. थोड्या भांडवलाच्या घराचा तो धंदा नव्हे. म्हणून मी बोलते आहे ते घराजवळ पाळता येणाऱ्या सुधारित गावरान पक्ष्यांबद्दल. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेचे वनराजा आणि ग्रामप्रिया, बंगळूरचा गिरिराज, हे त्यातलेच. कडकनाथाच्या वाटेला आम्ही गेलो नाही. २०१९ साली सांगली-कोल्हापूरकडे कडकनाथाच्या पिल्लांवर दामदुपटीच्या आशेने पैसे घातलेल्या किती घरांची फसवणूक झाली, ते आमच्याकडेही सगळ्यांना कळलं होतं.

आधी गायीचं सांगते, कारण गोठा आमच्याकडे आधी होता.

दुसऱ्या वेताची, नुकती व्यालेली, चौदा लिटरची संकरित एच.एफ. गाय आम्ही पंचाहत्तर हजारांना घेतली. चौदा लिटर दूध पहिले अडीच-तीन महिने मिळतं, पुढे ते उतरतं. दहा महिन्यांचं वेत धरलं तर सगळं मिळून तीन हजार लिटरच्या आसपास जातं. २९ रुपये सरासरी दर धरला तर ८७ हजार रुपये होतात, आणि गोठा सुरू करणाऱ्याचे डोळे या आकड्यावरच खिळतात. त्यातून गोळी पेंडीचे वजा करा. जगण्यापुरती दोन किलो आणि पुढे दर अडीच लिटर दुधामागे एक किलो, अशी सरासरी पाच-सहा किलो पेंड रोजची लागते. वर्षाकाठी ती ४५ हजारांच्या खाली जात नाही. कडबा आणि सरमाड विकत घेतलं तर दहा-बारा हजार. डॉक्टर, रेतन, जंताचं औषध आणि मिनरल मिक्श्चरचे पाच-सहा हजार. हातात पंचवीसेक हजार उरतात, आणि तेही हिरवा चारा घरचा असेल आणि माणसाची मजुरी धरली नाही तर. वर दोन-तीन ट्रॉली शेणखत मिळतं, आणि कालवड झाली तर दोन-अडीच वर्षांनी दारात नवी गाय उभी राहते. हे दोन्ही खरे पैसे आहेत. आमच्या कांद्याला खत विकत घ्यावं लागत नाही, याचं मोल मी कमी धरत नाही.

हिरवा चारा घरचा हवा, असं म्हणणं सोपं आहे. संकरित गायीला दिवसाला वीस-पंचवीस किलो हिरवं लागतं. दहा गुंठे संकरित हत्ती गवत दोन गायींना पुरतं, पण त्याला बाराही महिने पाणी हवं. आमच्या विहिरीला ते नाही. म्हणून पावसाळ्यात मका करायचा, चिकात असताना कापून, कुट्टी करून, बॅगांत दाबून मुरघास करायचा आणि तो मार्चनंतर काढायचा. मुरघास संपल्यावर गोठा विकतच्या चाऱ्यावर आला की वर सांगितलेल्या पंचवीसेक हजारांतून दर आठवड्याला काहीतरी गळायला लागतं. ज्याच्याकडे उन्हाळ्यात पाणी नाही त्याने गायीचा हिशेब पावसाळ्यातल्या दुधावर करू नये. मे महिन्यात चारा कुठून येणार, त्यापासून तो सुरू करावा.

पण गायीच्या धंद्यात सगळ्यात महाग जाते ती एक गोष्ट दुधाच्या पावतीवर दिसत नाही. ती म्हणजे चुकलेला माज.

गाय व्याल्यावर दोन-अडीच महिन्यांनी माजावर आली पाहिजे आणि तीन-चार महिन्यांच्या आत गाभण राहिली पाहिजे. माज एकवीस दिवसांनी येतो आणि बारा ते अठरा तास टिकतो. गाय हंबरते, दूध चोरते, दुसऱ्या गायीवर चढते, मागून काचेसारखा पारदर्शक चिकट सोट टाकते. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन करायचं, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. हे सगळ्यांना पाठ आहे. अडचण उन्हाळ्यात येते. एच.एफ.च्या रक्ताच्या गायी उन्हात मुका माज करतात. हंबरणं नाही, चढणं नाही, फक्त पहाटे गव्हाणीमागे थोडा सोट पडलेला असतो. तो उजाडायच्या आत पाहिला नाही तर शेणाखाली जातो आणि एकवीस दिवस गेले. आत्या पहाटे बॅटरी घेऊन गोठ्यात जायच्या त्या एवढ्यासाठी. आमच्या बहुतेक गायींचा माज त्यांनीच धरला आहे.

माज चुकला म्हणून त्या दिवशी एक रुपयाही कमी होत नाही. दूध चालू असतं, दर दहा दिवसांनी पेमेंट येत असतं. नुकसान निघतं सात-आठ महिन्यांनी. गाय आटते आणि पुढचं विणं लांब असतं. व्यायच्या आधी दोन महिने तिला विश्रांती द्यावीच लागते, पण दोनाच्या जागी चार-पाच महिने ती भाकड उभी राहते. भाकड गायीलाही सहा किलो कडबा आणि दोन किलो पेंड लागते. दिवसाला शंभर रुपये धरा. म्हणजे चुकलेल्या एका माजाचे दोन हजार. तीन चुकले तर सहा, आणि ते अशा वेळी द्यायचे जेव्हा त्या गायीकडून काहीच येत नसतं.

आता कोंबड्यांकडे येते. बचत गटातून चाळीस हजार घेतले तेव्हा त्यात दुसरी गाय येत नव्हती, शंभर पक्षी येत होते. गोठ्याच्या भिंतीला लागून पडवी काढली. एका पक्ष्याला दोन चौरस फूट याप्रमाणे दोनशे फूट जागा. जुने पत्रे, नवी जाळी, जमिनीला कोबा, भोवतीने दोन फूट उंच भिंत. जाळी बारीक भोकांची घेतली, कारण मुंगसाला थोडी फट पुरते. दार कडीचं केलं, कारण आमच्याकडे बिबट्या येतो आणि तो कुत्र्यामागे अंगणापर्यंत पोचतो. वीस हजार तिथे गेले आणि वीस हजार पहिल्या बॅचसाठी राहिले.

पहिले तीन आठवडे हा धंदा माणसाला झोपू देत नाही. एक दिवसाच्या पिल्लाला स्वतःची ऊब राखता येत नाही. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर ३५ अंश सेल्सियस तापमान हवं आणि पुढे दर आठवड्याला ते तीनेक अंशांनी उतरवायचं. खाली भाताचं तूस दोन-तीन इंच, त्यावर पहिले दोन-तीन दिवस कागद, भोवती पत्र्याचं गोल कडं, वर बल्ब. थर्मामीटर टांगलेला असतो, पण मी आधी पिल्लांकडे बघते. बल्बखाली ढीग करून बसली असतील तर थंडी वाजते आहे. कड्याला चिकटून चोच उघडी ठेवून धापा टाकत असतील तर बल्ब वर घ्यायचा. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर दुसरीकडून वारा येतो आहे, तिथे पोतं लावायचं. सगळीकडे पसरून टिपत असतील तर ठीक आहे. रात्री वीज गेली की थंडीत अर्ध्या तासात ढीग होतो आणि खालची गुदमरतात. त्यासाठी कोळशाची शेगडी भरून ठेवावी लागते, आणि ती पेटवली तर वरून हवा खेळती ठेवावी लागते, नाहीतर धुराने जातात.

लसीचं वेळापत्रक गायीच्या माजासारखंच कडक आहे. मरेक्सची लस उबवणीतच दिलेली असते. सातव्या दिवसापर्यंत लासोटा, डोळ्यात एक थेंब. चौदाव्या दिवशी गंबोरो. अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा लासोटा. सहाव्या आठवड्यात देवीची, आठव्यात आरटूबी, पंखाखाली टोचून. लस बर्फातून आणायची, आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवायची. शंभर पिल्लांची कुपी दोनशेंना पुरवावी म्हणून संध्याकाळपर्यंत जपून ठेवली तर पाणीच टोचल्यासारखं होतं. लस चुकली तर राणीखेत येतो. हिरवट पातळ हगवण, पाय ओढणं, मान पिरगळणं, आणि दोन-तीन दिवसांत शेड रिकामं. पावसाळ्यात तूस ओलं राहिलं तर रक्ती हगवण लागते. मुठीत तूस दाबलं आणि गोळा झाला तर ते ओलं आहे, उलथवून चुना मारायचा. आणखी एक पथ्य मी कधी मोडत नाही. बाजारात नेलेले पक्षी विकले गेले नाहीत तर ते परत शेडात सोडत नाही. चार गावच्या कोंबड्यांबरोबर तासभर बसलेला पक्षी काय घेऊन येईल, सांगता येत नाही. त्यांना वेगळ्या खुराड्यात ठेवते आणि आधी तेच विकते.

हे सगळं नीट झालं तर शंभरातले नव्वद-ब्याण्णव अडीच-तीन महिन्यांत सव्वा-दीड किलोचे होतात. तोवर एक पक्षी चार किलोच्या आसपास खाद्य खातो. पिल्लांचे साडेतीन हजार, खाद्याचे पंधरा हजारांच्या आतबाहेर, लस, तूस, वीज, औषधं मिळून दीड-दोन हजार. बॅचला वीस हजार लागतात. व्यापारी दारात येऊन जिवंत वजनावर किलोला १४० देतो. ब्याण्णव पक्ष्यांचे त्याच्या भावाने सतरा-साडेसतरा हजार होतात. म्हणजे तीन महिने राबून अडीच हजारांचा तोटा. तोच पक्षी आपण स्वतः गिऱ्हाइकाला दिला तर नगाला तीनशे मिळतात. आमच्या साध्या बॅचमध्ये साठ पक्षी असे हातोहात जातात आणि उरलेले व्यापाऱ्याला. चोवीस हजार येतात, चार हजार राहतात.

विकतच्या खाद्यावर सुधारित कोंबडी वाढवण्यात पैसा नाही, तो ती स्वतः विकण्यात आहे. म्हणून लोक म्हणतात तसे शंभराचे पाचशे मी कधी केले नाहीत. पुणे-नाशिक रस्त्यावरचे दोन-तीन ढाबे, आठवडे बाजार, ओळखीची घरं, यांना मिळून मी साठ-सत्तर पक्षी देऊ शकते. त्यापुढचा प्रत्येक पक्षी व्यापाऱ्याच्या भावाने जातो आणि आधीच्या पक्ष्यांनी कमावलेलं खातो.

आता २०२३ साल सांगते. त्या वर्षी दोन्ही धंद्यांची वेळ एकदम चुकली, आणि थांबण्याचा खर्च मला तेव्हा नीट कळला.

तोवर गोठ्यात दोन गायी झाल्या होत्या. त्यातली मोठी २०२२ च्या नोव्हेंबरात व्याली होती. फेब्रुवारीअखेर गाभण राहायला हवी होती. मार्चमध्ये माज आला, रेतन केलं, ती उलटली. एप्रिलचा माज मुका गेला. मेमध्ये आत्यांनी पहाटे धरला, पण रेतन करणारे दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले, तोवर माज ओसरला होता. डॉक्टरांनी तपासून पिशवीत दोष नसल्याचं सांगितलं. उष्णता आणि खनिजांची कमतरता, एवढंच. जंताचं औषध, रोज पन्नास ग्रॅम मिनरल मिक्श्चर, दुपारी अंगावर पाणी आणि छपरावर पाचट. पहिल्या पावसानंतर, जूनअखेर, ती ठरली. म्हणजे विणं २०२४ च्या एप्रिलमध्ये. चार महिने पुढे गेलं.

कोंबड्यांची बॅच आखाडासाठी धरली होती. आमच्याकडे वर्षात पक्ष्यांना दोनदा खरी मागणी असते, चैत्र-वैशाखातल्या जत्रा आणि आषाढ. त्या वर्षी आषाढ १७ जुलैला संपत होता आणि पुढे अधिक श्रावण होता. अधिक आणि निज असे दोन महिने, लगेच गणपती, मग पितृपक्ष, मग नवरात्र. दसऱ्यापर्यंत गिऱ्हाईक असं नाहीच. म्हणून पिल्लं एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मागवली होती. उबवणी केंद्रातून ती महिनाअखेरीस आली. मेच्या उन्हात पक्षी खातो कमी आणि पाणी पितो जास्त, वजन धरत नाही. दुपारी गोणपाट ओले करून जाळीला बांधले, खाद्य पहाटे आणि रात्री उशिरा दिलं, तरी बारा गेले. आषाढाच्या शेवटच्या आठवड्यात उरलेले अठ्ठ्याऐंशी पक्षी किलोच्या आसपासच होते. पस्तीस विकले, नगाला २८० ने. त्रेपन्न उरले.

ह्यांचं म्हणणं होतं, वजन वाढू द्यावं, दसऱ्याला भाव येईल. मी त्या रात्री वहीत मांडलं. एक पक्षी दिवसाला शंभर ग्रॅम खातो. त्रेपन्न पक्षी आठवड्याला सदतीस किलो, म्हणजे दीड हजाराचं खाद्य. दसऱ्यापर्यंत चौदा आठवडे. एकवीस हजाराचं खाद्य घालून त्रेपन्न पक्षी राखायचे, ज्यांचे उद्या सात हजार येत होते. पुढच्याच आठवड्यात व्यापाऱ्याला १२० ने दिले. अठरा हजार आठशे खर्च, सतरा हजार शंभर आले. पावणेदोन हजारांचा तोटा वहीत लिहिला, शेड झाडलं, चुना मारला आणि दार लावलं. ऑक्टोबरपर्यंत त्या पडवीवर एक रुपयाही खर्च झाला नाही.

गोठ्याचं दार असं लावता येत नाही. ऑगस्ट कोरडा गेला. देशभरात १९०१ पासूनचा तो सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. मका गुडघ्याएवढा होऊन थांबला, मुरघासाच्या निम्म्याच बॅगा भरल्या. ऑक्टोबरच्या मध्यावर मोठी गाय चार लिटरवर आली आणि आटवली. तेव्हापासून एप्रिलपर्यंत साडेपाच महिने ती भाकड होती. दोन महिने तर उभं राहायचंच होतं, वरच्या साडेतीन महिन्यांचे दहा हजार आमच्या अंगावर. त्याच वेळी दुसरी गाय बारा लिटर देत होती, पण जुलैत सरकारने ३४ रुपये ठरवलेला दर वर्षाच्या शेवटी २६-२७ वर आला होता. दिवसाला ऐंशीवर रुपये तिथेही कमी. पुढे जानेवारी २०२४ पासून लिटरला पाच रुपये अनुदान जाहीर झालं, त्यासाठी कानातला बिल्ला आणि खात्याची जोडणी लागली. आमची नोंद होती म्हणून मिळालं, पण भाकड गायीला अनुदान कुठलं? कडबा घ्यायला कांद्याचे पैसे मोडावे लागले.

विकून टाकायची, असं तेव्हा शेजारच्यांनी सुचवलं. पाच महिन्यांची गाभण गाय विकायची म्हणजे दुष्काळी बाजारात पंचाहत्तर हजारांचे चाळीस करायचे. कोंबडीत तोटा घेऊन उठता येतं, कारण तो एका बॅचचा असतो. गायीत उठायचं तर भांडवलच अर्धं होतं. भांडवल सगळंच जाण्याची वेळही २०२२ च्या लंपीत आमच्या वस्तीने पाहिली. वारलेल्या दुभत्या गायीला सरकारी मदत तीस हजार होती, आणि गाय पुन्हा आणायला सत्तर-ऐंशी लागत होते. ज्या घरात एकच गाय होती त्या घरात नंतर गोठा राहिला नाही. रोगाचं भय कोंबडीतही आहे. बर्ड फ्लूने २००६ साली आणि पुन्हा २०२१ साली नवापूरचे लाखो पक्षी मारावे लागले. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तर नुसत्या अफवेने कोंबडी कवडीमोल झाली, आणि त्याच वर्षी टाळेबंदीत दूधही वीस रुपयांच्या आसपास आलं. फरक एवढाच की शंभर पक्ष्यांच्या घराला पुन्हा उभं राहायला वीस हजार लागतात.

तरीही गाय काढा असं मी सांगणार नाही. एप्रिलमध्ये मोठी गाय व्याली, कालवड झाली, आणि त्या वेताने मागचं बरंच भरून काढलं. वर्षाला तीन बॅचा काढून कोंबड्यांचे जेमतेम दहा-बारा हजार मिळतात, एक गाय नीट चालली तर त्याच्या दुप्पट देते. शिवाय दहा दिवसांचं पेमेंट असतं म्हणून किराणा अडत नाही आणि सोसायटीतून उचल मिळते. कोंबड्यांत तीन महिने नुसते पैसे घालायचे असतात. ज्या घरात रोजच्या खर्चाला दुसरं काही नाही, त्या घराला ते तीन महिने फार जड जातात.

एक फरक मात्र हिशेबाच्या वहीत येत नाही. शेण मी काढते, धार मी काढते, पण दुधाचं पेमेंट ह्यांच्या खात्यावर जमा होतं, कारण डेअरीतलं नाव त्यांचं आहे. ते पैसे घरातच येतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण पेंडवाल्याचं वजा होऊन काय उरलं, हे मला विचारून कळतं. कोंबडी आणि अंडी विकलेले पैसे माझ्या हातात येतात. दुसऱ्या बॅचपासून वीस माद्या मी अंड्यांसाठी मागे ठेवल्या. त्या दिवसभर शेणकईत उकरतात, घरची बाजरी आणि लसूण घास खातात, विकतचं खाद्य निम्म्याहून कमी लागतं. घासाच्या हिरव्यामुळे अंड्याचा बलक गडद येतो आणि गिऱ्हाईक दहा-बारा रुपये देतं. मुलीच्या वह्या, आत्यांच्या गोळ्या, गटाचा हप्ता त्यातून निघतो. आमच्यासारख्या घरांत बाईने काय धरावं असं मला विचारलं, तर या वीस माद्या मी सगळ्यात वर ठेवीन. शंभराची बॅच त्यांच्यानंतर.

सध्या आमच्याकडे दोन गायी, एक कालवड, वर्षाला दोनच बॅचा आणि या माद्या आहेत. जत्रेची बॅच जानेवारीत धरते, थंडीतली ऊब सांभाळायला जास्त कष्ट पडतात तरी. आखाडाची मार्चअखेर धरते, म्हणजे आठ-पंधरा दिवस इकडेतिकडे झाले तरी वजन भरतं. पिल्लं मागवण्याआधी पंचांग बघते. गायींचं विणं जून ते सप्टेंबरमध्ये यावं असा प्रयत्न असतो, म्हणजे भरदुधाच्या महिन्यांत हिरवं घरचं असतं आणि भाकडपण उन्हाळ्यात जातं. दरवेळी जमत नाही, गाय आपल्या वहीप्रमाणे चालत नाही. म्हणून भाकड काळासाठी दर पेमेंटमधून दोनशे रुपये गटात बाजूला ठेवायचे, हे आता ह्यांनीही मान्य केलं आहे.

मागच्या महिन्यात चुलत जाऊ आली होती. लग्न होऊन चार वर्षं झाली, दीड एकर कोरडवाहू, मूल लहान, गटातून पस्तीस हजार मिळतील म्हणाली. "ताई, यात एखादी जुनी गाय बसेल ना?" पस्तीस हजारात मिळते ती पाचव्या-सहाव्या वेताची, नाहीतर उलटणारी, आणि जावेकडे प्यायचं पाणीसुद्धा टँकरचं. गाय नको म्हटलं. शेडही मोठं नको. वीस दिवस रात्री जागणं तान्ह्या मुलाबरोबर जमणार नाही, म्हणून एक दिवसाची पिल्लं न घेता ऊब संपलेली, सुरुवातीच्या लसी झालेली महिन्याची पिल्लं घे, तिप्पट महाग पडली तरी. आणि किती घ्यायची ते आधी गिऱ्हाईक मोजून ठरव. कोण घेईल त्यांची नावं लिहून आण असं सांगितलं. ती दोन दिवसांनी कागद घेऊन आली. नावं अठरा निघाली, त्यातली चार उधारीची. मी तिला पंधरा नर आणि दहा माद्या मागवायला सांगितल्या, आणि पस्तीसमधले वीस हजार गटातच राहू दे म्हटलं.